आयएक्सएनची हाक

साताऱ्याच्या ज्या तिकीट ऑफिसात मी आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली, तिथे माणसांना नावानं ओळखायची पद्धत नव्हती. "डीएक्सबीचा फोन आला होता." "केडब्ल्यूआयच्या बायकोचा पासपोर्ट आला का?" "आयएक्सएल सकाळपासून बाहेर बसलाय, त्याला चहा तरी द्या." नवीन माणसाला वाटायचं, इथे सगळे हेर भरलेत. खरं तर ती विमानतळांची अक्षरं होती. जो माणूस आमच्याकडून पहिल्यांदा जिथे उडाला, त्या गावाचा तीन अक्षरी कोड त्याला चिकटायचा, तो कायमचा. सांगलीचे एक हळदवाले व्यापारी पहिल्या खेपेला दुबईला गेले म्हणून ते डीएक्सबी. पुढे ते दुबईचं नाव काढेनात, सारखे सिंगापूरला जायला लागले, तरी आमच्या तोंडी डीएक्सबीच राहिले.

ही पद्धत आमच्या साहेबांची. ते तरुणपणी मुंबईत एका विमान कंपनीच्या आरक्षण विभागात टेलिप्रिंटरवर बसायचे. दिवसभर गावांची नावं नाहीत, नुसती अक्षरं ठोकायची. नंतर आईवडिलांसाठी साताऱ्याला परत आले आणि तिकिटांचं दुकान टाकलं. मी सांगलीची मुलगी, लग्न होऊन साताऱ्यात आलेले. घरात बसून जीव जायला लागला तेव्हा त्यांच्याकडे कामाला लागले. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पाठांतर कसं आहे?" मी म्हटलं, "नवऱ्याच्या चुका सगळ्या पाठ आहेत." त्यांनी हसून मला खुर्ची दिली.

पहिल्याच आठवड्यात कराडजवळच्या एका गावचे फौजी सुट्टी संपवून लेहला परत निघाले होते. मी आपलं शहाणपणानं एलईएच टाइप केलं. पडद्यावर फ्रान्सचं कुठलं तरी बंदर आलं. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, त्याला सीमेवर पाठवायचाय, समुद्रावर नाही." मग त्यांनी मला बसवून नीट सांगितलं. जगात कुठल्याही दोन विमानतळांना एकच कोड चालत नाही. विमान कंपनीला एखाद्या गावी विमान न्यायचं असलं की ती अर्ज करते आणि विमान कंपन्यांची जागतिक संघटना कोड देते. गावाच्या नावातली अक्षरं मोकळी असली तर ती मिळतात. एलईएच आधीच त्या फ्रान्समधल्या ल हाव्र गावानं अडवलेलं होतं. म्हणून आपल्या लेहच्या वाट्याला आयएक्सएल आलं.

आयएक्स हे आपल्या देशातल्या बऱ्याच गावांच्या कपाळी आहे. जम्मू आयएक्सजे, चंदीगड आयएक्ससी, बागडोगरा आयएक्सबी, इथलं जवळचं बेळगाव आयएक्सजी. शेवटचं अक्षर नशिबानं नावाशी जुळलं तर जुळलं. मंगळूर आयएक्सई आहे, त्याचं काय जुळतंय? आयएक्सच का, हे मी साहेबांना एकदा विचारलं होतं. "पक्कं कारण मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "ज्यांच्या नावाची अक्षरं दुसऱ्यांनी आधी नेली, त्यांना हे उरलेलं मिळालं असं समज." कॅनडाची तऱ्हा तर याहून वेगळी, तिथे बहुतेक सगळे कोड वायवरून. टोरांटो वायवायझेड. त्यात टोरांटोचं एक अक्षर नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मात्र तेव्हा मी कानाआड केली. एकदा दिलेला कोड सहसा बदलत नाहीत. गावाचं नाव बदलू दे, पाटी बदलू दे, मोर्चे निघू देत. मुंबई झाली तरी बीओएम बॉम्बेचंच राहिलं. चेन्नई झाली तरी एमएए मद्रासचंच. "आपण नाव पुसतो," साहेब म्हणाले होते, "पण खाली आधीचं गाव तसंच बसलेलं असतं. यंत्र त्यालाच हाक मारतं." मला त्या वेळी डबा खायची घाई होती.

साहेब थकले, ऑफिस माझ्याकडे आलं. लोक आता मोबाइलवर स्वतःच तिकिटं काढतात, पण ज्यांना त्याची भीती वाटते असे अजून पुष्कळ आहेत आणि आमचं त्यांच्यावर चालतं. साहेब अधूनमधून यायचे, माझ्या खुर्चीवर बसून माझ्याच चुका काढायचे आणि जायचे. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर काकूंचा मला फोन आला. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. अबोल, नीटनेटक्या, कधी ऑफिसची पायरी चढल्या नाहीत. म्हणाल्या, "तू जरा येशील का? हे काहीतरी बोलतायत आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमच्या ऑफिसातलं असावं."

मी दुपारी गेले. साताऱ्यात उन्हाळ्यात दुपारी रस्ता असा सुनसान होतो की आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटतं. साहेब आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसवलेले. डोळे दारावर. मला पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मग त्यांचे ओठ हलले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "केडब्ल्यूआय."

मला हसूच आलं. म्हटलं, "काकू, हे कुवेत. आपले कुवेतवाले नव्हते का, वेल्डर? त्यांची आठवण काढतायत."

काकूंचा चेहरा थोडा निवळला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, बोलण्याची जागा दुखावली की माणसाला साधे शब्द सापडत नाहीत, पण वर्षानुवर्षं घोकलेलं काही वेळा आपोआप बाहेर येतं. कुणी पाढे म्हणतं, कुणी आरती. साहेबांच्या तोंडून कोड येत होते. एवढंच असतं तर मी दोन दिवसांत घरी बसले असते. पण ते जेवत नव्हते. काकूंनी चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे, दाराकडे बघायचे आणि एक कोड म्हणायचे. कुणाची तरी वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले होते की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. साहेबांनी धडधाकट असताना काकूंना बजावलं होतं, मला नळ्या घालायच्या नाहीत. आता हे काकूंच्या गळ्यात होतं. "कोण हवंय ते कळलं तर बोलावून तरी आणीन," त्या म्हणाल्या. "तू ओळखून दे."

म्हणून मी रोज दुपारी जायला लागले. साहेब एक कोड म्हणायचे, मी त्याचं माणूस सांगायचे. आयएक्सएल म्हटलं की तेच कराडकडचे फौजी, पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. डीएक्सबी म्हणजे हळदवाले. सीसीयू म्हणजे वाईचे एक शिक्षक, ते मुलीकडे कोलकात्याला जायचे. काकू म्हणायच्या, "मग बोलावू या का त्यांना?" आणि मी म्हणायचे, "अहो, ते आता नाहीत."

तिसऱ्या-चौथ्या वेळी हे म्हणताना माझी जीभ अडखळली. कुवेतवाला वेल्डर गेला होता. सुभेदार गेले होते, त्यांच्या मयतीला साहेब स्वतः गेले होते. हळदवाले गेले, शिक्षक गेले. आमची एवढी गिऱ्हाइकं, त्यातली कितीतरी जिवंत आणि धट्टीकट्टी, रोज फोनवर माझं डोकं खाणारी. त्यांतलं एकही नाव साहेबांच्या तोंडी येत नव्हतं. विमानाच्या दारात उभं राहून कुणीतरी प्रवासी पुकारावेत तसे ते पुकारत होते, आणि पुकारलेला प्रत्येक जण आधीच गेलेला होता.

मी काकूंना यातलं काही सांगितलं नाही. स्वतःलाही समजावलं की म्हाताऱ्या माणसाला जुनीच माणसं आठवणार आणि जुनी माणसं मरणारच. यात नवल ते काय! मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. माझ्या सासूनं लग्नात माझं नाव बदलायचं काढलं होतं तेव्हा मी भर मांडवात "नाही" म्हटलं होतं, इतकी मी धीट.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "वायवायझेड."

मला केवढं हायसं वाटलं! वायवायझेड जिवंत होत्या. मलकापूरच्या एक बाई, मुलगा टोरांटोला, दर उन्हाळ्यात त्या तिकडे जायच्या. येताना मला मेपलचं सरबत आणायच्या, ते आमच्या घरात कुणीच पीत नव्हतं. मी काकूंना म्हटलं, "या येतील बघा, प्रेमळ आहेत." आणि तिथूनच फोन लावला. फोन त्यांच्या भाचीनं उचलला.

"ताई, जरा आत्यांना देता का? तिकीट ऑफिसातून बोलतेय."

ती म्हणाली, "आवं, तुमाला कळलं न्हाई व्हय? आत्या गेल्या की. सोमवारीच गेल्या. झोपंतच. पोरगा कवा येतोय आन् कवा न्हाई, लय हाल झालं बगा."

मी फोन ठेवला. काकू माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "त्या गावी नाहीत." साहेब दाराकडे बघत होते, निवांत, एक नाव खोडून टाकल्यासारखे. त्यांना हे कुणी सांगितलं असणार? घरात फोन एकच, काकूंचा. काकूंना त्या बाई माहीतही नव्हत्या.

त्या दिवसापासून बाकी सगळे कोड थांबले आणि एकच सुरू झाला.

"आयएक्सएन."

सकाळी आयएक्सएन, चमचा पुढे केला की आयएक्सएन, काकू खोलीतून बाहेर गेल्या की मोठ्यानं आयएक्सएन. मी आठवून आठवून थकले. आमच्याकडून आयएक्सएनला कधी कुणी गेलं नव्हतं. ऑफिसात जाऊन मशीनवर बघितलं. खोवाई, त्रिपुरा. बांगलादेशच्या हद्दीला लागून एक छोटं गाव. नावात ना एक्स ना एन. तिथे कित्येक वर्षांत विमान उतरलेलं नाही. धावपट्टी असली तर असेल, नाहीतर गवत. पण मी तीन अक्षरं टाकली आणि मशीननं गावाचं नाव निमूट पुढे केलं. कोड होता. जायला मात्र कुठलंच विमान नव्हतं. भर दुपारी, पंखा चालू असताना, त्या पडद्यासमोर बसून मला घाम फुटला.

कारण मला एवढंच कळत होतं की आयएक्सएन कोणीतरी आहे, आणि तो एक तर मेलेला आहे, नाहीतर वायवायझेडसारखा, आम्हाला कळायच्या आत. मी मनातल्या मनात ओळखीच्या सगळ्या माणसांची गावं तपासायला लागले. माझा भाऊ, माझी मुलगी. कुणी चुकून त्या बाजूला गेलं होतं का? मुलीला फोन करून मी विचारलं, "तू त्रिपुराला जाणार नाहीस ना?" ती म्हणाली, "आई, तुला बरं नाही का?"

साहेब मात्र खंगत चालले होते. पाण्याचे चार घोट जायचे, पेज जात नव्हती. काकूंनी डॉक्टरांकडून एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी नळी. मला म्हणाल्या, "मी बायको असून मला एक माणूस शोधून आणता येत नाही. आणि गंमत बघ, मी आत आले की गप्प होतात. माझ्याकडे असं बघतात जशी मी दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलेय."

हे मीही पाहिलं होतं. काकू बाहेर गेल्या की साहेब हाक मारल्यासारखे म्हणायचे, आयएक्सएन. दारात पाऊल वाजलं की मान उचलायचे. काकू दिसल्या की डोळ्यांतला उजेड जायचा आणि मान पुन्हा उशीला टेकायची. मला आधी वाटलं, बिचाऱ्या काकूंच्या मनाचे खेळ. पण एकदा लक्षात आल्यावर मला ते बघवेना.

त्या दुपारी मी पलंगाशी बसले होते. काकू मऊभाताची वाटी घेऊन आल्या, साहेबांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. मिरजेहून त्यांच्या थोरल्या भावाचा. हातात वाटी म्हणून काकूंनी फोन खाटेच्या कडेला ठेवून स्पीकर लावला. म्हातारे, कानानं कमी, त्यामुळे फोनवर ओरडून बोलणारे. त्यांनी बहिणीला नावानं हाक मारली आणि विचारलं, "कसं आहे गं त्यांचं?"

ते नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. काकूंचं नाव वेगळं. आणि त्याच क्षणी साहेबांनी फोनकडे मान वळवली, डावा हात फोनच्या दिशेनं उचलला, आणि अगदी हळू, लाजल्यासारखं म्हणाले, "आयएक्सएन."

काकूंनी भावाला कसंबसं दोन शब्दांत आटोपलं. मी विचारलं, "दादा कुणाला हाक मारत होते?"

"मलाच की. माझं माहेरचं नाव ते. माहेरची आता तो आणि मी, दोघंच उरलोय ते नाव माहीत असलेली." मग त्या खाली बसल्या, वाटी मांडीवर तशीच. "थांब. थांब गं जरा."

आणि त्यांना आठवलं. लग्न ठरल्यावर साहेब मुंबईहून सांगलीला त्यांच्या घरी आले होते. बैठकीत वडीलमंडळी, बोलायची सोय नाही. पाणी द्यायला गेल्या तेव्हा साहेबांनी हळूच विचारलं, "तुम्हाला एक कोड देऊ का?" यांना वाटलं, कोडं घालतायत. साहेब म्हणाले, ऑफिसात दिवसभर अक्षरंच असतात, तुमची आठवण काढायला नाव पुरत नाही. "तुमच्या नावाची चांगली अक्षरं सगळी कुणी ना कुणी नेलीयत. म्हणून आयएक्स. आणि एन तुमचा. या गावाचं तिकीट माझ्याकडे कुणी मागत नाही, तेव्हा ते मी तुम्हालाच देऊन टाकतो." यांना राग आला होता. आपल्या नावाची अक्षरं दुसरे नेतात म्हणजे काय? पुढे लग्न झालं. तांदळाच्या ताटात साहेबांनी अंगठीनं नवीन नाव लिहिलं, पेढे वाटले गेले. आणि जुन्या वळणाचे नवरे जसे बायकोला आयुष्यभर "अगं" म्हणतात, तसं "अगं"वर सगळं निभावलं. त्या तीन अक्षरांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"म्हणजे ते मलाच बोलावतायत," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तोंडावर हसू. "आणि मी इथेच बसलेय मेली, समोर!"

त्या उठायला लागल्या आणि मी त्यांचा हात धरला. घट्ट धरला. माझ्या सांगलीच्या घरी आई म्हणायची, बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये, काय माहीत कोण बोलावतंय. मी तिला आयुष्यभर हसले. त्या दुपारी मी काकूंना म्हटलं, "काकू, ओ देऊ नका."

"अगं पण का?"

मग मी सगळं सांगितलं. कुवेतवाला, सुभेदार, हळदवाले, शिक्षक. मलकापूरच्या बाई सोमवारी गेल्या, ते साहेबांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. "त्यांनी आजवर ज्याला ज्याला बोलावलं, तो जिवंत नाही. एकही नाही. आणि आता तुम्हाला बोलावतायत." माझा आवाज रडवेला झाला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मला काकू हव्या होत्या. साहेब गेले असते तर मी रडले असते, पण काकूंना असं आपल्या पायानं जाताना मला बघायचं नव्हतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पलंगावरून पुन्हा आलं, "आयएक्सएन." थोडं अधीर, बस सुटेल म्हणून कुणी हाक मारावी तसं. काकूंनी माझा हात सोडवला. रागानं नाही, मुलाच्या हातातून पदर सोडवतात तसा.

त्यांनी वाटी उचलली आणि त्या खोलीबाहेर गेल्या. मला वाटलं, ऐकलं माझं. पण त्या दाराबाहेर थांबल्या होत्या. मला भिंतीवर त्यांची सावली दिसत होती. पदर सारखा केला, दोन्ही खांद्यांवरून घेतला. मग सत्तरी ओलांडलेली ती बाई उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "ओ. आले हं." आवाज बारीक होता. मी इतकी वर्षं तो घरात ऐकत होते, पण हा आवाज मला ओळखू आला नाही.

साहेबांनी मान उचलली. काकू आत आल्या, खाली बघत, पाणी द्यायला आल्यासारख्या. त्यांनी साहेबांकडे सरळ पाहिलं नाही. साहेबांचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर फिरले आणि तिथे थांबले. डोळ्यांतला उजेड या वेळी गेला नाही. काकू कडेला टेकल्या, चमचा पुढे केला. साहेबांनी तोंड उघडलं.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. एकेक घास जात होता. मी काकूंकडे बघत होते, त्यांना काही होतंय का, श्वास नीट चाललाय का. काही होत नव्हतं. बाहेर रिक्षा गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली. वाटी रिकामी झाली तेव्हा साहेब डोळे मिटून शांत पडले होते, आणि काकू वाटी घेऊन उठल्या. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"बघितलंत?" मी म्हटलं. सुटकेनं मला काय बोलावं सुचत नव्हतं. "माझंच डोकं फिरलं होतं. तुम्ही धडधाकट आहात. म्हणजे ती सगळी यादी खोटी."

काकूंनी नळ बंद केला. माझ्याकडे पाठ होती.

"खोटी कशानं?" त्या म्हणाल्या. "ती पोरगी जाऊन पन्नास वर्षं व्हायला आली की. ताटातले तांदूळ सारखे केले आणि तिच्यावरून अंगठी फिरवली, तेव्हाच गेली. यांनीच फिरवली. तिचं कुणी सुतक पाळलं नाही, म्हणून आपल्याला कळलं नाही एवढंच." त्यांनी हात पुसले. "त्यांना गेलेल्यांतलीच हवी होती. मी जिवंत आहे ना, म्हणून माझ्या हातचं खात नव्हते."

आतून पुन्हा हाक आली, या वेळी तृप्त, लाडीगोडीची. काकूंनी पातेल्यातला उरलेला भात वाटीत काढला, पदर पुन्हा दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि मला म्हणाल्या, "तू नीघ आता. तिला परक्या माणसांसमोर लाज वाटते."